e^x ≥ 1 + x: फरकाचं फंक्शन शून्याच्या डावीकडे काय करतं

प्रश्न: e^x ≥ 1 + x सिद्ध करायला मी f(x) = e^x − 1 − x घेतलं. f′(x) = e^x − 1. x > 0 असताना f वाढतं, म्हणून f(x) > f(0) = 0, इथपर्यंत कळलं. पण x < 0 असताना f′ ऋण आहे, म्हणजे फंक्शन उतरतंय. मग तिथे f शून्याच्या खाली का जात नाही? आणि याच पद्धतीने e^x ≥ 1 + x + x²/2 सगळ्या x साठी का सिद्ध होत नाही?

उत्तर:

फंक्शन "उतरतंय" असं आपण म्हणतो ते नेहमी डावीकडून उजवीकडे जाताना. x = −1 वरून निघा आणि शून्याकडे या. या वाटेवर f सतत उतरत येतं आणि उतरत उतरत शून्यावर पोचतं, कारण f(0) = 0. जे उतरून शून्यावर आलं ते निघताना शून्याच्या वरच असणार. आकडे घालून बघा: f(−2) ≈ 1.1353, f(−1) ≈ 0.3679, f(−0.5) ≈ 0.1065, f(−0.1) ≈ 0.0048 आणि मग f(0) = 0. फंक्शन उतरतंय हे खरं, पण ते आपल्या आधाराच्या बिंदूकडे उतरतंय, त्याच्यापासून दूर जाताना नाही.

म्हणून या प्रकारच्या सिद्धतेत दोन गोष्टी कायम जोडीने लागतात. एक म्हणजे डेरिव्हेटिव्हचं चिन्ह, आणि दुसरी म्हणजे जिथे फरकाची किंमत आपल्याला पक्की माहीत आहे असा एक बिंदू. त्याला मी आधारबिंदू म्हणतो. नुसतं चिन्ह कळून काहीच सिद्ध होत नाही, कारण फंक्शन कुठल्या दिशेने चाललंय एवढंच ते सांगतं, कुठल्या उंचीवर आहे हे सांगत नाही. आणि आपण आधारबिंदूच्या कुठल्या बाजूला उभे आहोत यावर त्याच चिन्हाचा अर्थ बदलतो. आधाराच्या उजवीकडे ऋण डेरिव्हेटिव्ह म्हणजे किंमत आधारापेक्षा कमी. आधाराच्या डावीकडे ऋण डेरिव्हेटिव्ह म्हणजे किंमत आधारापेक्षा जास्त. तुमचा घोटाळा नेमका इथे झालाय: उजवीकडचा अर्थ तुम्ही डावीकडे लावलात.

हे चित्रावरून पटतंच, पण चिन्हांचा हिशोब डोळ्यांसमोर हवा असेल तर मीन व्हॅल्यू थिअरम लिहून बघा. कुठलाही x ≠ 0 घेतला तर 0 आणि x यांच्या दरम्यान असा एक c मिळतो की

f(x) − f(0) = f′(c) · x

f(0) = 0 असल्यामुळे हेच f(x) = (e^c − 1) · x झालं. x धन असेल तर c धन, त्यामुळे e^c − 1 धन आणि गुणाकारही धन. x ऋण असेल तर c ऋण, त्यामुळे e^c − 1 ऋण. पण शेजारी x सुद्धा ऋण आहे, आणि ऋण गुणिले ऋण धन. "डेरिव्हेटिव्ह ऋण आहे" म्हणताना हा दुसरा ऋण घटक, म्हणजे x − 0, हिशोबातून निसटतो. तो लिहिला की शंका उरत नाही. शिवाय x ≠ 0 असताना गुणाकार कधीच शून्य होत नाही, त्यामुळे बरोबरी फक्त x = 0 वर, हेही याच ओळीत मिळालं.

सिद्धता कागदावर उतरवताना डाव्या बाजूचं वाक्य पूर्ण लिहा: "x < 0 असताना f हे (−∞, 0] वर उतरतं आहे आणि x हा 0 च्या डावीकडे आहे, म्हणून f(x) > f(0) = 0." बरेच जण "तसंच x < 0 साठी" एवढं लिहून पुढे जातात. पण दोन्ही बाजूंचा युक्तिवाद "तसाच" नाही. चिन्ह उलट आहे, बाजूही उलट आहे, आणि म्हणूनच निष्कर्ष सारखा येतो. अंतराल लिहिताना 0 हे टोक आत घेतलंय, तेही मुद्दाम. f′ फक्त x < 0 वर ऋण असलं तरी f शून्यावर सलग आहे, त्यामुळे उतरणं 0 पर्यंत धरता येतं. ते टोक बाहेर ठेवलं तर f(0) शी तुलनाच करता येणार नाही.

आता वर्गपदाकडे येऊ. g(x) = e^x − 1 − x − x²/2 घ्या. g′(x) = e^x − 1 − x, म्हणजे आपलंच आधीचं f. आणि f कधीही ऋण नसतं हे आत्ताच सिद्ध झालं. म्हणजे g′(x) ≥ 0 सगळीकडे, बरोबरी फक्त 0 वर. मग g संपूर्ण रेषेवर वाढतं आहे. इथे थोडं थांबा आणि आधारबिंदूपाशी जा: g(0) = 0. वाढत्या फंक्शनची किंमत आधाराच्या उजवीकडे जास्त आणि डावीकडे कमी. म्हणजे x > 0 असताना g(x) > 0 आणि x < 0 असताना g(x) < 0.

तेव्हा पद्धत फसलेली नाही. तुम्ही जे विधान सिद्ध करायला निघालात ते x < 0 साठी खोटं आहे, आणि पद्धतीने तेच दाखवलं. x = −1 वर डावी बाजू e^(−1) ≈ 0.3679 आणि उजवी बाजू 1 − 1 + 0.5 = 0.5. ऋण x साठी खरं विधान e^x < 1 + x + x²/2 असं उलट दिशेचं आहे.

g′(0) = 0 आहे, मग g तिथे क्षणभर थांबत नाही का, असं इथे हमखास विचारलं जातं. आलेखाची स्पर्शिका तिथे आडवी आहे, पण एका बिंदूवर डेरिव्हेटिव्ह शून्य झाल्याने काटेकोर वाढ बिघडत नाही. (−∞, 0] वर g काटेकोरपणे वाढतं, [0, ∞) वरही वाढतं, आणि दोन्ही तुकडे 0 वर जोडलेले आहेत. x³ च्या आलेखावर हेच दिसतं. वाढ बिघडायची तर डेरिव्हेटिव्ह एखाद्या अख्ख्या तुकड्यावर शून्य राहायला हवं.

उलट f च्या बाबतीत f′ शून्यावर नुसतं शून्य होत नाही, चिन्ह बदलतं. आधी ऋण, मग धन. म्हणून 0 वर f चं किमान मूल्य आहे. डेरिव्हेटिव्ह शून्य आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. शून्याच्या आजूबाजूला चिन्ह बदलतं की नाही, यावर सगळं ठरतं. किमान मूल्य मिळालं तर असमता दोन्ही बाजूंना एकाच दिशेने टिकते. नुसती वाढ मिळाली तर आधारबिंदूवर असमता पलटते.

घनपदापर्यंत गेलात तर फरकाचं डेरिव्हेटिव्ह g येतं. ते डावीकडे ऋण, उजवीकडे धन, म्हणजे पुन्हा 0 वर किमान मूल्य, आणि e^x ≥ 1 + x + x²/2 + x³/6 सगळ्या x साठी खरं. पुढच्या पदाला पुन्हा पलटेल. अशी एकाआड एक पायरी का येते, हे या साखळीत नीट दिसत नाही. प्रत्येक वेळी मागच्या पायरीचा आधार घ्यावा लागतो. माझ्या मते इथे फरक घेण्याची पद्धतच थोडी बदलावी.

फरक e^x − P(x) असाच घ्यायला हवा असं कुठे आहे? e^x नेहमी धन असतो, त्यामुळे e^x ≥ P(x) म्हणणं आणि P(x) · e^(−x) ≤ 1 म्हणणं एकच. तेव्हा 1 − P(x)e^(−x) हा फरक तपासा. 1 चं डेरिव्हेटिव्ह शून्य असल्याने सगळं काम h(x) = P(x)e^(−x) वर येतं:

h′(x) = (P′(x) − P(x)) · e^(−x)

P(x) = 1 + x घातलं तर P′ − P = 1 − (1 + x) = −x. म्हणजे h′(x) = −x e^(−x). याचं चिन्ह बघायला काहीही सोडवावं लागत नाही: डावीकडे धन, उजवीकडे ऋण, 0 वर कमाल मूल्य h(0) = 1. झाली सिद्धता.

P(x) = 1 + x + x²/2 घातलं तर P′ = 1 + x, आणि P′ − P = −x²/2. वजाबाकीत सगळी पदं उडतात, फक्त शेवटचं उरतं. h′(x) = −(x²/2) e^(−x), जे कधीच धन होत नाही. h संपूर्ण रेषेवर उतरतं, h(0) = 1, म्हणून उजवीकडे h < 1 आणि डावीकडे h > 1. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत आलं. x^n/n! पर्यंतची पदं घेतली तर h′(x) = −(x^n/n!) e^(−x). n विषम असेल तर x^n शून्यावर चिन्ह बदलतो, असमता सगळीकडे टिकते. n सम असेल तर चिन्ह बदलत नाही, असमता शून्यावर पलटते. वरच्या साखळीत एकाआड एक दिसणारी गोष्ट ही एवढीच आहे: सम घात आणि विषम घात.

हा गुणाकाराचा डाव e^x असलेल्या बहुतेक असमतांमध्ये आधी खेळून बघावा. पण त्यात एक जागा सांभाळायची असते. e^x ≤ 1/(1 − x) हे सिद्ध करायचं आहे असं समजा. थेट फरक घेतला तर डेरिव्हेटिव्ह 1/(1 − x)² − e^x येतं, आणि त्याचं चिन्ह ठरवणं हे मूळ असमतेपेक्षा सोपं नाही. त्याऐवजी u(x) = (1 − x)e^x घ्या. u′(x) = −x e^x, 0 वर कमाल मूल्य 1, म्हणून (1 − x)e^x ≤ 1 हे सगळ्या x साठी खरं. आता 1 − x ने भागायचं. x < 1 असेल तर 1 − x धन आहे आणि e^x ≤ 1/(1 − x) मिळतं. x > 1 असेल तर भागताना असमता पलटते आणि e^x ≥ 1/(1 − x) मिळतं. त्यात नवल काहीच नाही, कारण तिथे उजवी बाजू ऋण आहे. थेट फरक घेऊन काम करणारा कधीकधी 0 वरच्या आधारावरून x = 1 ओलांडून पलीकडे निष्कर्ष नेतो. ते चालत नाही. x = 1 वर 1/(1 − x) ची किंमतच नाही, आणि मीन व्हॅल्यू थिअरमला आधारबिंदूपासून x पर्यंतचा सलग तुकडा लागतो. मध्ये भगदाड असेल तर पलीकडच्या तुकड्यासाठी वेगळा आधार शोधायचा.

आतापर्यंत आधारबिंदू 0 वर आयता मिळाला, कारण 1 + x ही e^x च्या आलेखाची 0 वरची स्पर्शिका आहे. तो नेहमी असा मिळत नाही, आणि सवयीने 0 धरला की चूक होते. e^x > 2x घ्या. फरक v(x) = e^x − 2x, आणि v(0) = 1 > 0. इथे कुणी लिहितं: "x > 0 असताना e^x वाढतं, v(0) धन आहे, म्हणून v(x) > 0." निष्कर्ष खरा आहे, कारण मात्र चुकीचं. v′(x) = e^x − 2, आणि v′(0) = −1. म्हणजे 0 पासून उजवीकडे निघाल्यावर v आधी खाली जातं. ते x = ln 2 ≈ 0.693 पर्यंत उतरतं आणि तिथून चढतं. म्हणून खरा आधार ln 2 वर आहे, आणि तिथली किंमत v(ln 2) = 2 − 2 ln 2 ≈ 0.614. ती धन आहे, म्हणून v सगळीकडे धन.

चुकीच्या कारणाने खरा निष्कर्ष आला तर बिघडलं कुठे, हे 2 च्या जागी 3 ठेवल्यावर कळतं. e^x − 3x ची 0 वरची किंमतही 1 च आहे, तोच युक्तिवाद जसाच्या तसा लिहिता येतो, पण x = 1 वर e − 3 ऋण आहे. आपला युक्तिवाद खोट्या विधानालाही लागू पडतो का, हे असा एखादा आकडा बदलून तपासता येतं, आणि ही तपासणी करायला फार वेळ लागत नाही. साधारणपणे a > 0 साठी e^x − ax चं किमान मूल्य x = ln a वर येतं आणि ते a − a ln a = a(1 − ln a) असतं. ते शून्य किंवा धन राहतं ते a ≤ e असेपर्यंतच. म्हणून या घरातली सगळ्यात टोकाची असमता e^x ≥ ex, आणि तिच्यात बरोबरी x = 1 वर. जाता जाता, तिच्यात x = π/e घातलं तर e^(π/e) > π येतं, आणि दोन्ही बाजू e व्या घाताला चढवल्या की e^π > π^e. कॅल्क्युलेटरवर ते 23.14 आणि 22.46 दिसतात, आता कॅल्क्युलेटरशिवायही कळलं.

एक मर्यादा सांगायला हवी, कारण ती पायाशी जोडलेली आहे. वरच्या सगळ्या सिद्धतांमध्ये आपण e^x चं डेरिव्हेटिव्ह e^x असतं हे गृहीत धरलं. ते सिद्ध करताना h → 0 असताना (e^h − 1)/h ची लिमिट 1 येते हे लागतं. आणि ती लिमिट काढताना अनेक ठिकाणी 1 + h ≤ e^h हीच असमता वापरलेली असते. तुमच्या अभ्यासक्रमात तसं असेल तर डेरिव्हेटिव्हवरून असमता सिद्ध करणं म्हणजे गोल फिरून निघालो तिथेच येणं. e^x ची व्याख्या घात श्रेणीने केली असेल, किंवा ln x ची व्याख्या 1/x च्या इंटिग्रलने करून e^x हा त्याचा व्यस्त म्हणून घेतला असेल, तर डेरिव्हेटिव्ह स्वतंत्रपणे मिळतं आणि अडचण येत नाही. पण e^x म्हणजे (1 + x/n)^n ची लिमिट अशी व्याख्या असेल तर असमता आधी सिद्ध करावी. ते अवघडही नाही: n एवढा मोठा घ्या की x/n ≥ −1 होईल, मग बर्नूलीची असमता (1 + x/n)^n ≥ 1 + n · (x/n) = 1 + x देते, आणि n वाढवत नेला की e^x ≥ 1 + x. बर्नूलीची असमता गणिती विगमनाने सिद्ध होते, तिथे डेरिव्हेटिव्हचा संबंध येत नाही. मग x च्या जागी −h ठेवून, h < 1 साठी, e^h ≤ 1/(1 − h) मिळतं, आणि या दोन असमतांच्या चिमटीत (e^h − 1)/h सापडतं. फक्त h < 0 असताना h ने भागल्यावर दोन्ही असमता पलटतात, तेवढं लक्षात ठेवा.

शेवटी एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण त्यात डेरिव्हेटिव्ह कुठे शून्य होतं हे नेमकं काढताच येत नाही, आणि अशा ठिकाणी बरेच जण पद्धत सोडून देतात. x > 0 साठी e^x − ln x > 2 सिद्ध करायचं आहे.

w(x) = e^x − ln x घ्या. w′(x) = e^x − 1/x. हे शून्य कधी? e^x = 1/x हे समीकरण नेहमीच्या फंक्शनांत सुटत नाही. पण ते सोडवायची गरजही नाही. किती मुळं आहेत आणि चिन्ह कसं बदलतं एवढंच हवं. e^x वाढतं आहे, 1/x उतरतं आहे, म्हणजे w′ हे (0, ∞) वर काटेकोरपणे वाढतं. x = 1/2 वर e^0.5 ≈ 1.649 आणि 1/x = 2, म्हणजे w′ ऋण. x = 1 वर w′ = e − 1, धन. म्हणून 1/2 आणि 1 यांच्या दरम्यान नेमकं एक मूळ आहे. त्याला α म्हणा. त्याच्या डावीकडे w′ ऋण, उजवीकडे धन, म्हणून w(α) हे किमान मूल्य. आधारबिंदू मिळाला, फक्त त्याचा आकडा माहीत नाही.

आता α बद्दल जे माहीत आहे ते वापरायचं: e^α = 1/α. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की α = −ln α. म्हणून

w(α) = e^α − ln α = 1/α + α

धन संख्या आणि तिचा व्यस्त यांची बेरीज 2 पेक्षा कमी नसते, आणि बरोबर 2 फक्त संख्या 1 असताना येते. α < 1 आहे. म्हणून w(α) > 2, आणि मग सगळ्या x > 0 साठी w(x) ≥ w(α) > 2. मूळ माहीत नसताना त्याचं समीकरणच किमतीत घालणं ही या प्रकारच्या सिद्धतांतली मुख्य हालचाल. इथे काही जण α ≈ 0.567 हा आकडा घालून "किंमत 2.33 येते, म्हणून 2 पेक्षा जास्त" असं लिहितात. पडताळणी म्हणून ते ठीक, पण अंदाजे आकड्यात चूक किती असू शकते हे सांगितलं नाही तर ती सिद्धता होत नाही.

हेच विधान तुमच्या मूळ असमतेवरून दोन ओळींतही निघतं. e^x ≥ 1 + x, आणि x च्या जागी x − 1 ठेवलं तर e^(x−1) ≥ x, म्हणजे ln x ≤ x − 1. पहिल्यातून दुसरं वजा करा: e^x − ln x ≥ (1 + x) − (x − 1) = 2. पहिल्यात बरोबरी x = 0 वर, दुसऱ्यात x = 1 वर; दोन्ही एकदम होऊ शकत नाहीत, म्हणून काटेकोर > 2.

दुसरा मार्ग देखणा आहे, पण त्याची ताकद 2 वर संपते. उजवीकडे 2 ऐवजी 2.3 असतं तर तो काही सांगू शकला नसता, कारण 0 आणि 1 वरच्या स्पर्शिका α पाशी आलेखापासून बऱ्याच दूर आहेत. पहिला मार्ग तिथेही चालतो. x = 0.57 वर e^0.57 ≈ 1.768 आणि 1/0.57 ≈ 1.754, म्हणजे w′ तिथे धन झालेलं आहे, म्हणून α < 0.57. आणि t + 1/t हे (0, 1) वर उतरतं, कारण त्याचं डेरिव्हेटिव्ह 1 − 1/t² तिथे ऋण आहे. α हा 0.57 च्या डावीकडे आहे आणि फंक्शन उतरतंय, म्हणून α वरची किंमत 0.57 वरच्या किमतीपेक्षा जास्त: w(α) > 0.57 + 1/0.57 > 2.32.